रस्त्याच्या आडव्या छेदातले शब्द

कॅरेजवे म्हणजे रस्त्याचा फक्त तो भाग, ज्यावरून वाहने धावतात. संपूर्ण रस्ता नव्हे. इंग्रजीतून स्थापत्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गफलत इथेच होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार दुपदरी महामार्गाचा कॅरेजवे साधारण ७ मीटर रुंद असतो, म्हणजे साडेतीन मीटरची एकेक लेन. दोन्ही कडांना उंच कर्ब असेल तर तो साडेसात मीटर धरतात, कारण चालक कर्बपासून थोडे अंतर राखूनच गाडी चालवतो आणि तेवढी जागा वाया जाते.

कॅरेजवेला लागून असते ते शोल्डर. बोलीत आणि बातम्यांत हीच साइडपट्टी. सपाट मुलखात तिची रुंदी दोन्ही बाजूंना अडीच मीटर धरली, तर ७ मीटरचा कॅरेजवे मिळून एकूण १२ मीटर होतात. या बेरजेला रोडवे म्हणतात. बंद पडलेली गाडी साइडपट्टीवर उभी करता येते, पण तिचे खरे काम डांबरी थराची कड धरून ठेवणे आणि पाणी बाहेर काढणे हे आहे. कॅरेजवेला मधून कडेकडे २ टक्के उतार असेल, तर साडेतीन मीटरमध्ये कड मध्यापेक्षा ७ सेंटिमीटर खाली जाते. साइडपट्टीचा उतार याहून थोडा जास्त ठेवतात. डांबराचे थरावर थर चढवले आणि साइडपट्टी उचललीच नाही, तर कडेला पायरी तयार होते. दुचाकीचे चाक तिथून घसरते आणि पावसाळ्यात कड तुटू लागते. साइडपट्टी खचली अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा रस्ताच वर गेलेला असतो.

मीडियन म्हणजे दुभाजक. तो आला की एका रस्त्याचे दोन कॅरेजवे होतात. म्हणून ‘ड्युअल कॅरेजवे’चा अर्थ दुपदरी रस्ता असा लावणे चूक. चौपदरी दुभाजित महामार्गावर प्रत्येकी दोन लेनचे दोन कॅरेजवे असतात.

कर्ब हा कडेचा उभा दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा. वाहनांना अडवणे आणि पावसाचे पाणी जाळीच्या तोंडापर्यंत नेणे ही त्याची कामे. फूटपाथलगत त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, नाहीतर वृद्धांना चढता येत नाही आणि लोक रस्त्यावरूनच चालू लागतात.

पेव्हमेंट हा शब्द मात्र जपून वाचावा. ब्रिटिश बोलण्यात तो फूटपाथसाठी येतो. भारतीय अभियांत्रिकीच्या पुस्तकात तो खडी, डांबर किंवा काँक्रीटच्या थरांचा मिळून बनलेला रस्त्याचा भारवाही भाग असतो. पेव्हमेंटची जाडी काढा, असा प्रश्न आला तर फूटपाथशी त्याचा काही संबंध नसतो.

फूटपाथची चालण्याजोगी रुंदी किमान १.८ मीटर हवी. ती मोजताना झाड, विजेचा खांब आणि टपरीने अडवलेली जागा वगळावी लागते.