‘माझा जीभ पोळला’ : एका शिक्षिकेचा पीएच.डी.चा अर्ज

मी मेळघाटातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. एक दिवस दुपारी खिचडी गरम होती. तिसरीतली एक मुलगी तोंडावर हात धरून आली आणि म्हणाली, “मॅडम, माझा जीभ पोळला.” मी तिला पाणी द्यायच्या आधी म्हटलं, “माझी जीभ पोळली म्हण.” ती गप्प झाली, आणि त्या दिवशी पुन्हा बोललीच नाही.

त्या एका वाक्याने मला पुढे भाषाशास्त्राकडे नेलं. भाषा कशी बनते, माणूस ती कशी शिकतो, याचा अभ्यास म्हणजे भाषाशास्त्र. त्यात पीएच.डी. करायची तर विद्यापीठ तुमच्याकडून एक निवेदन मागतं. काय शोधायचं आहे, कसं शोधणार आणि त्यासाठी तुमची तयारी काय, हे त्यात लिहायचं असतं. माझ्याकडे मराठीची एम.ए. होती आणि अकरा वर्षांची नोकरी होती. संशोधनाचा अनुभव मात्र नव्हता. तेव्हा वर्गातला अनुभव हीच तयारी, हे मला पटवून द्यायचं होतं.

माझं पहिलं निवेदन फार गोड होतं. ‘मला मुलांची आवड आहे, आदिवासी मुलांना मराठी अवघड जाते हे मी जवळून पाहिले आहे,’ असं दोन पानं लिहिलं होतं. ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला ते दाखवलं. त्यांनी वाचून एकच विचारलं, “बाई, नेमकं काय अवघड जातं? आणि ते कोरकूमुळेच, हे तुम्हाला कसं कळलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षं मोजून तयारी सिद्ध होत नाही, हे मला तिथे कळलं. त्या वर्षांत आपण काय टिपून ठेवलं, ते दाखवावं लागतं.

मग मी एक वही केली. मूल बोललं तसंच्या तसं वाक्य लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. शेजारी तारीख, मुलाचा खूण-क्रमांक, घरची भाषा आणि ते कशाबद्दल बोलत होतं तेही लिहायचं. बरोबर बोललेली वाक्यंसुद्धा लिहायची. नुसत्या चुका गोळा केल्या तर मूल नेहमीच चुकतं असं वाटतं, आणि ते खरं नसतं.

आता त्या वहीतून काय कळलं ते सांगते. मराठीत तो, ती आणि ते अशी तीन लिंगं आहेत. दात तो, जीभ ती, नाक ते. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नाही. ती मुंडा गटातली, संथाळीच्या नात्यातली. तिच्यात महत्त्वाचा भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. घर, दगड, पुस्तक यांना बाई-पुरुष ठरवून विशेषण बदलायची रीत तिच्यात नाही. त्यामुळे ‘माझा जीभ’ ऐकलं की वाटतं, हे कोरकूमुळेच.

पण थांबा. आमच्याकडे बाजारात, एसटीत हिंदीही चालते. मूल ‘मोठा घर’ म्हणालं, तर ते कोरकूमुळे की हिंदीमुळे? हिंदीत घर पुल्लिंगी आहे, ‘बड़ा घर’. म्हणजे घर या शब्दावरून निवाडा होत नाही. मूल ‘माझा शाळा’ म्हणालं, तर? हिंदीत शाळेला स्त्रीलिंगच आहे, म्हणून हिंदीवर बोट ठेवता येत नाही. पण शाळा हा शब्द घोडा, आंबा यांच्यासारखा ‘आ’ने संपतो. मूल शेवटच्या आवाजावरून अंदाज बांधत असेल. असा अंदाज मराठी घरातलं लहान मूलही बांधू शकतं.

म्हणून शब्द निवडून घ्यावे लागले. ‘पुस्तक’ मराठीत ते आणि हिंदीत ती. मूल ‘माझी पुस्तक’ म्हणालं तर हिंदीचा संशय घ्यायला जागा आहे. ‘माझा पुस्तक’ म्हणालं तर हिंदीने ते समजत नाही. ‘जीभ’ दोन्ही भाषांत ती आहे, आणि शब्दाचा शेवटही काही सुचवत नाही. तिथे ‘माझा’ आलं तर मूल बहुधा सगळ्यांना एकच रूप लावतंय. माझ्या वहीत ‘माझा पुस्तक’ होतं आणि ‘माझी पुस्तक’सुद्धा होतं, वेगवेगळ्या मुलांचं. म्हणजे ज्याला मी वर्षानुवर्षं एकच चूक समजून लाल पेनाने खोडत होते, त्यामागे निदान दोन वाटा असाव्यात. हाच माझा संशोधनाचा प्रश्न झाला.

निवेदनात मी उत्तर सापडल्याचा दावा केला नाही. माझ्या वर्गात मराठी घरातली चारच मुलं होती, तुलनेला ती पुरत नाहीत. मीच त्यांची शिक्षिका, तेव्हा माझ्यासमोर मूल जपून बोलणार. उच्चार लिहायची भाषाशास्त्राची लिपी मला येत नाही, आणि कोरकू मला बाजारापुरतीच येते. हे सगळं मी लिहिलं, आणि प्रत्येकापुढे उपायही लिहिला: आणखी शाळा घेणार, चित्रं दाखवून बोलतं करायला दुसरी व्यक्ती नेमणार, लिपी पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात शिकणार. उणीव लपवली की मुलाखतीत ती पहिल्याच प्रश्नात उघडी पडते.

एक गोष्ट मात्र मला वहीने नाही, गावातल्या बायांनी शिकवली. मुलांचं बोलणं नोंदवायचं तर आईबापांची परवानगी हवी. मी बचत गटाच्या बैठकीत गेले. एक आई म्हणाली, “मॅडम, आमच्या पोरायच्या चुका तुमी पुण्याले नेऊन दाखवसान काय?” मी ओशाळले. दुसरी म्हणाली, “आमच्यात दोघं असले तर येगळं बोलतात, लय जण असले तर येगळं. तुमच्या मराठीत कुठं हाय ते?” खरंच, कोरकूत दोघांसाठी निराळं रूप आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस, अनेक झाले की ‘कू’ लागतो, त्यातूनच कोरकू हे नाव आलं. दोघांचा प्रत्यय आणखी वेगळा. मराठीकडे तो नाही, म्हणून मराठीला कुणी अडाणी म्हणत नाही.

घरी येऊन मी निवेदनातला ‘चुका’ हा शब्द सगळीकडे खोडला आणि ‘मुलांनी वापरलेली रूपं’ असं लिहिलं. मुलांची नावं कुठेही येणार नाहीत, नोंदी आधी पालकांना ऐकवल्या जातील आणि नको म्हणाल्यास पुसल्या जातील, हेही लिहिलं. तुमच्या गावात कुणी असा अभ्यास करायला आलं, तर हे तीन प्रश्न जरूर विचारा: नाव कुठे छापणार, आम्हाला ऐकवणार का, आणि नको म्हटलं तर पुसणार का.

निवेदन मान्य झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांत नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. मुदत सहा वर्षांची. पुन्हा नोंदणी करून दोन वर्षं वाढवता येतात, आणि बायांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे.

ती मुलगी आता पाचवीत आहे. परवा म्हणाली, “मॅडम, माझी जीभ पोळली.” मी आधी पाणी दिलं, आणि मग वहीत लिहिलं.