भोंग्याच्या पाठीवरची डबी
किनवटच्या बाजारात किंवा माहूरच्या यात्रेत लावलेला भोंगा असतो साधारण 8 ओहमचा. लांबलचक तारेचाच रोध 4 ओहम असला, तर एक तृतीयांश शक्ती तारेतच जिरते. म्हणून भोंग्यामागे छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्याच्या वेढ्यांचं गुणोत्तर 11.2 असेल, तर व्होल्टेज तितक्या पट घटतं आणि करंट तितक्याच पट वाढतो. त्यामुळे तारेकडून पाहिलं तर 8 ओहम गुणोत्तराच्या वर्गाने, 125 पट, म्हणजे 1000 ओहम दिसतात. त्यापुढे तारेचे 4 ओहम किरकोळच! 100 व्होल्टच्या लाइनवर असा भोंगा 10 वॅट घेतो. दहा समांतर जोडले की 100 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर भरला. अकरावा त्याला जड. मल्टिमीटर मात्र इथे फसवतो, कारण तो 1000 ओहम नव्हे, वेटोळ्याच्या तारेचा रोध दाखवतो.