दोन ठोकळ्यांमधलं बल

गुळगुळीत, सपाट टेबलावर दोन ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवले आहेत. डावीकडचा ६ किलोग्रॅमचा, उजवीकडचा २ किलोग्रॅमचा. डाव्या ठोकळ्याला २४ न्यूटन बलाने उजवीकडे ढकललं, तर तो पुढच्या ठोकळ्याला किती बलाने ढकलेल? पहिलं उत्तर बहुतेकांच्या तोंडी २४ असंच येतं, आणि ते चुकीचं आहे.

ठोकळे एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून दोघांचं त्वरण एकच. ते काढताना दोघांना मिळून ८ किलोग्रॅमची एकच वस्तू मानता येते: २४ भागिले ८, म्हणजे ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. या हिशेबात संपर्क बल कुठेच दिसत नाही, कारण ते जोडीच्या आतलं आहे. ते हवं असेल तर एक ठोकळा वेगळा काढून पाहावा लागतो. पुढच्या ठोकळ्याला पुढे ढकलणारं संपर्क बलाशिवाय दुसरं काहीच नाही. बाहेरचा हात त्याला लागलेलाच नाही. २ किलोग्रॅमला ३ चं त्वरण द्यायला ६ न्यूटन लागतात, तेवढंच हे बल.

पडताळा मागच्या ठोकळ्यावर घ्यावा. त्याच्यावर पुढे २४ आणि पुढच्या ठोकळ्याच्या प्रतिक्रियेचे मागे ६, उरले १८. सहा किलोग्रॅमला ३ चं त्वरण द्यायला नेमके १८ च लागतात. पूर्ण २४ न्यूटन पुढे पोचले असते, तर मागच्या ठोकळ्यावर प्रतिक्रियाही २४ ची झाली असती आणि तो जागचा हललाच नसता.

आता तोच २४ न्यूटनचा जोर उजवीकडून, लहान ठोकळ्यावर लावला तर? त्वरण ३ च राहतं, पण आता ६ किलोग्रॅमला पुढे रेटायचं असल्याने संपर्क बल १८ न्यूटन होतं. धक्का कुठून दिला याने गती बदलत नाही, मधला दाब मात्र तिप्पट होतो. ज्याला थेट ढकललेलं नाही त्या ठोकळ्याचं वस्तुमान गुणिले त्वरण, एवढंच इथलं सूत्र.

घर्षण आलं की हे सूत्र तसंच लावता येत नाही. धक्का पुन्हा डावीकडून आहे आणि घर्षण फक्त पुढच्या ठोकळ्याखाली, ४ न्यूटन आहे असं धरू. एकूण उरलेलं बल २०, त्वरण २.५. पुढच्या ठोकळ्याला त्वरणासाठी ५ आणि घर्षणावर मात करायला ४, म्हणून संपर्क बल ९ न्यूटन. दोन्ही ठोकळ्यांखाली घर्षणांक सारखाच असेल, तर मात्र गंमत होते. घर्षणांक ०.२ आणि गुरुत्व त्वरण १० धरलं, तर दोघांचं मिळून घर्षण १६ न्यूटन आणि त्वरण १ वर येतं, पण संपर्क बल २ अधिक ४, म्हणजे पुन्हा ६ च! हे ठोकळे सरकत असतील तेव्हाच खरं. जोर कमी पडून ते जागीच अडले, तर नुसत्या या आकड्यांवरून मधलं बल ठरवता येत नाही.