नोव्हेंबर मांडायचा दिवस: 26 ऑक्टोबर

सकाळी 10. तिमाहीवाल्यांचे 3बी 22 तारखेला संपले, त्यामुळे मानखुर्द स्टेशनजवळच्या दादांच्या कर सल्ल्याच्या ऑफिसात आज जरा निवांत आहे. पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते याच दिवशी ठरतं. फोनची वही काढते. विषय तिथूनच घ्यायचे, कारण 'जीएसटी म्हणजे काय' कोणी विचारत नाही. मंडाळ्यातल्या भंगारवाल्यांचा मात्र एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: नोंदणी नसलेल्याकडून लोखंड घेतलं, तर कर मी का भरू?

11.30. आता तारखा, पण उलट्या मोजत. तिमाहीवाल्यांना ऑक्टोबरची बिलं आयएफएफमध्ये टाकायची तर 13 नोव्हेंबर शेवटचा दिवस. ही सूचना 12 ला दिली तर बिलं शोधायलाच वेळ उरत नाही, म्हणून 6 ला. महिनावाल्यांचं 2बी 14 ला तयार होतं. 'पुरवठादाराचं बिल दिसतंय का बघा' हे 15 ला. त्याआधी सांगून उपयोग नाही, बघायला काहीच नसतं. 25 च्या चलनाची आठवण 20 ला. भंगाराच्या कराला वेगळी तारीख नाही, पण नोंद खरेदीपासूनच ठेवावी लागते, म्हणून तो 1 तारखेला.

दुपारी 2. भंगाराचं लिहायला बसते. नियम 10 ऑक्टोबर 2024 पासूनचा: नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्याकडून धातूचं भंगार घेतलं, तर कर नोंदणी असलेल्या खरेदीदाराने भरायचा. एक लाखाचा माल, 18 टक्क्यांनी 18,000. हे रोखीनेच भरायचे, जमा क्रेडिटमधून चालत नाहीत. स्वतःच्या नावाने बिल स्वतःच फाडायचं. भरलेले 18,000 त्याच 3बीमध्ये क्रेडिट म्हणून मिळतात. म्हणजे पैसा बुडत नाही, पण भरायच्या दिवशी हातात लागतो. गिऱ्हाइकाचं खरं दुखणं हेच, म्हणून पहिली ओळही हीच ठेवली.

4.15. दादांनी तपासलं. शेवटचं 'आजच भेटा' खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'गेल्या महिन्यात नोंदणी नसलेल्याकडून किती माल घेतला? आकडा पाठवा.' मला पटलं. आकडा पाठवणारा माणूस खरंच धंद्यातला असतो. (सीएंना तर 1949 च्या कायद्याने गिऱ्हाईक मागत फिरायला मनाई आहे. आम्ही सीए नाही, तरी दादांना तो आब आवडतो.)

5.30. हाच मजकूर हिंदीत केला, मंडाळ्यात हिंदीच जास्त वाचली जाते. एक प्रत व्हॉट्सअ‍ॅपला, एक गूगलवरच्या दुकानाच्या पानावर, एक मोठ्या अक्षरात काचेवर.

6.30. वहीत नवा रकाना आखला: कोणत्या पोस्टनंतर कोण, काय विचारत आलं. 'छान माहिती' म्हणणारे त्यात धरायचे नाहीत. 1 तारखेची पोस्ट आपोआप जाईल अशी लावली. तारखांच्या तिन्ही पोस्ट मात्र हातानेच टाकणार. सरकार मुदत वाढवतं तेव्हा बहुधा ऐन शेवटच्या दिवशी वाढवतं, आणि जुनी तारीख एकदा पसरली की फोन आम्हालाच येतात.