‘बैल’मधला ‘य’ कुठे बसतो?

अक्षराच्या पोटात : भाग ७

गेल्या आठवड्यात अक्षराची घडण पाहिली. लिपीतलं अक्षर नव्हे; तोंडातून एका ठोक्यात बाहेर पडतं ते. त्याच्या मधोमध स्वराचं केंद्र असतं, आधी आणि नंतर व्यंजनं येऊ शकतात. आज त्या केंद्राची हद्द आखू. ‘पाई’, ‘पाय’ आणि ‘बैल’ या तिन्ही शब्दांत जीभ ‘इ’च्या दिशेने वर सरकते, पण ते सरकणं तिन्ही ठिकाणी एकाच जागचं नाही.

पहिला प्रश्न ठोक्यांचा. ‘पाई’ दोन ठोक्यांची, ‘पाय’ एका ठोक्याचा. ‘भाऊ’ आणि ‘भाव’ यांचंही तसंच. घाईच्या बोलण्यात हा फरक पुसट होतो, म्हणून शब्द लांबून हाक मारल्यासारखा ताणून पाहावा. ‘भाऊऽऽ’ अशी हाक सहज जाते, कारण शेवटचा ‘ऊ’ स्वतंत्र स्वर आहे आणि तो हवा तेवढा लांबवता येतो. ‘भाव’ ताणायला गेलं की ‘भाऽऽव’ होतं. लांबतो तो ‘आ’, ‘व’ शेवटी ओठांशी येऊन मिटतो. ‘पाई’ आणि ‘भाऊ’मध्ये दोन स्वर शेजारी राहतात, प्रत्येकाचं केंद्र वेगळं. संस्कृत ध्वनिशास्त्रात अशा फटीला ‘विवृत्ती’ म्हणत. चाळणीसाठीचा ऋग्वेदातला ‘तितउ’ हा शब्द तिचं प्रसिद्ध उदाहरण: त्यात ‘अ’ आणि ‘उ’ मिळून ‘औ’ झालेला नाही, दोघे सुटे आहेत.

आता एका ठोक्याचे दोन शब्द उरले, ‘पाय’ आणि ‘बैल’. इथे कान पुरेसा नाही. ‘वय’चा शेवट आणि ‘वैर’ची सुरुवात कानाला जवळजवळ सारखीच लागते, आणि ध्वनिलेखातही दोन्हीकडे जीभ सरकल्याचीच खूण दिसते. सरकता ध्वनी केंद्रातला की केंद्रानंतरचं व्यंजन, हे तो शब्दात कसा वागतो यावरून ठरवावं लागतं.

‘पाय’ हा ‘पाट’, ‘पान’, ‘पार’ यांच्या रांगेत बसतो. शेवटची एकच जागा आहे आणि ‘य’ने ती घेतली आहे. त्यामागे आणखी व्यंजन आणलं, तर मराठी ते त्याच ठोक्यात मावू देत नाही: ‘पायल’चे ‘पा’ आणि ‘यल’ असे दोन ठोके होतात. म्हणजे ‘पाय’मधला ‘य’ केंद्राबाहेरचा, अक्षर बंद करणारा.

‘बैल’मध्ये मात्र सरकत्या ध्वनीनंतर ‘ल’ त्याच ठोक्यात येतो. कोणी म्हणेल, हा ‘बय्ल’ आहे, शेवटी ‘य्’ आणि ‘ल’ अशी दोन व्यंजनं जोडून आली आहेत. मराठीच्या एका सवयीने हे तपासता येतं. ‘घर’, ‘पान’ यांच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. पण शब्द जोडाक्षराने संपला तर उच्चारतो. ‘धर्म’, ‘पुत्र’ म्हणून पाहा, शेवटी ‘अ’ ऐकू येतो. ‘बैल’ खरोखर ‘बय्ल’ असता तर त्याच्याही शेवटी तो ‘अ’ यायला हवा होता. येत नाही. ‘बैल’ हा ‘बेल’ आणि ‘बोल’सारखाच ‘ल’वर स्वच्छ थांबतो. म्हणजे शेवटचं व्यंजन एकच, ‘ल’, आणि त्याआधीचं सगळं केंद्रात: ‘ऐ’ तिथे ‘ए’ आणि ‘ओ’च्याच जागी बसला आहे. हा खरा संयुक्त स्वर. ‘चौक’ आणि ‘मौज’ही याच कसोटीला उतरतात.

एका फसव्या कसोटीपासून सावध राहावं. ‘पाय’ला ‘आत’ जोडलं की ‘पा-यात’ होतं, ‘य’ पुढच्या अक्षरात जातो. म्हणून तो केंद्राबाहेरचा, असं कोणी सांगेल. पण संस्कृतात ‘नै’ आणि ‘अक’ मिळून ‘नायक’ होतो, ‘पौ’ आणि ‘अक’ मिळून ‘पावक’. पुढे स्वर आला की संयुक्त स्वराचं शेपूटही व्यंजन होऊन पुढे सरकतं. तेव्हा या बदलावरून पुढे स्वर आहे एवढंच कळतं, सरकता ध्वनी आधी कुठे होता ते नाही.

जोडाक्षराच्या कसोटीलाही मर्यादा आहे. तिला मागे व्यंजन लागतं. ‘पै’ आणि ‘वय’ यांचं यमक अनेकांच्या तोंडी सहज जुळतं. तिथे शब्दाच्या शेवटी ही कसोटी गप्प बसते, आणि लेखनातला फरक हा उच्चारातला पुरावा ठरत नाही.

आता ‘टाइम’ घ्या. तुम्ही तो ‘टा-ईम’ असा दोन ठोक्यांत म्हणत असाल, तर तुमच्या बोलण्यात ते दोन शेजारचे स्वर आहेत. एका ठोक्यात म्हणून ‘म’वर स्वच्छ थांबत असाल, तर ‘आइ’ केंद्रातच बसला, आणि ‘ऐ’, ‘औ’च्या जोडीला तुमच्या मराठीत आणखी एक संयुक्त स्वर आला आहे. ‘टाइम’ आणि ‘टाईम’ अशी दोन लेखनं दिसतात, पण उच्चार कोणता हे त्यांवरून ठरत नाही.

पुढच्या आठवड्यात: ‘गायी’ लिहायचं की ‘गाई’, आणि ‘ई’च्या आधी ‘य’ ऐकू का येत नाही.