फक्त गालच बारीक करता येतात का?

लग्न ठरलेल्या मुली आम्हाला विचारतात, "अंग ठीक आहे, पण गाल फुगलेले दिसतात. तेवढेच कमी करता येतील का?" कोणी गाल फुगवण्याचे व्यायाम करते, कोणी तासन् तास च्युइंगम चघळते. सरळ उत्तर असे, की वजन उतरले तर चेहराही उतरतो. पण फक्त चेहऱ्याची चरबी काढता येत नाही.

याचे कारण समजून घेऊ. अंगाला शक्ती कमी पडली की शरीर साठवलेली चरबी फोडून रक्तात सोडते आणि स्नायू ती रक्तातून उचलतात. म्हणजे गालाचा स्नायू हलला, तरी त्याला लागणारी चरबी पोटाची असेल किंवा मांडीचीही. टेनिस खेळणाऱ्यांचा एकच हात वर्षानुवर्षे राबतो. १९७१ साली अमेरिकेत त्यांचे दोन्ही हात मोजले. खेळणाऱ्या हाताचा स्नायू मोठा होता, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच होती. च्युइंगमनेही जबड्याचा स्नायूच वाढतो. चरबी आधी कुठली उतरणार, हे बांधा, वय आणि आईवडिलांकडून आलेली ठेवण ठरवते.

मग फरक कधी दिसतो? कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या अभ्यासानुसार साधारण उंचीच्या बाईचे साडेतीन किलो आणि पुरुषाचे चार किलो वजन बदलले, की दुसऱ्याला ते चेहऱ्यावर कळते.

हिशोब करून पाहू. एक बाई दिवसाला चार कप चहा घेते, दर कपाला दोन चमचे साखर. ही साखर बंद केली तर सुमारे १६० कॅलरी वाचतात. सोबतची मूठभर फरसाण सोडली तर आणखी १४०. रोजच्या ३०० कॅलरी झाल्या. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणून साडेतीन किलोला तीन महिने तरी लागतात, बहुधा थोडे जास्तच. भाकरी, डाळ, अंडी मात्र कमी करू नयेत. वजन मुळातच बेताचे असेल तर गोल चेहरा ही ठेवणच समजावी. उपाशी राहून अशक्तपणा येईल.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चेहरा थोड्याच दिवसांत फुगला तर ती चरबी नसते. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, पाय दाबल्यावर खड्डा पडतो, तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. चेहरा सुजट, आवाज घोगरा आणि सतत थंडी वाजत असेल तर थायरॉईड तपासावे. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या गोळ्यांत स्टेरॉईड असेल तर चेहरा चंद्रासारखा गोल होतो. अशा गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने जिवावर बेतू शकते. गोळ्यांचे पाकीट घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवा.