पक्षाघात : वेळ मोजायची कधीपासून?

सकाळी सात वाजता आजोबांच्या हातातून कप निसटतो. ओठांच्या कोपऱ्यातून चहा ओघळतो, बोलणे अडखळते. दुखत काहीच नाही, म्हणून घरचे त्यांना झोपवतात. दहा वाजेपर्यंत वाट पाहिली, तर उपचाराचे तीन तास हातचे गेले.

अशा वेळी त्यांना हसायला सांगा. तोंड वाकडे होते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली येतो का? साधे वाक्य बोलायला सांगा. शब्द जड येतात का? यातले एकही लक्षण अचानक दिसले, तर ते ओसरले तरी १०८ वर फोन करा.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊ नका.

हे तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी लक्षणांसह उठला, तर डॉक्टरांना दहाचीच वेळ सांगा.